शेकमधली गुठळी: खानापूर तालुक्यातल्या एका तालमीतलं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुतण्या माझ्याकडे बेळगावला आला तो पिशवीत प्रोटीन पावडरचा डबा घेऊनच. खानापूर तालुक्यात आमचं गाव आहे. तिथल्या तालमीत तो पहाटे साडेपाचला मेहनतीला जातो. डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, ही पावडर नकली हाय. दुकानदाराला परत देणार. तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणजे भांडायला बरं."

मी दूध पावडरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली. पावडर पाण्यात कशी भिजते, हे तपासणं माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. त्यामुळे त्याने मला विचारलं यात नवल नव्हतं. पण डबा उघडण्याआधी मी त्याला विचारलं की तू शेक नेमका कसा करतोस. त्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो, कारण सगळं उत्तर त्यातच होतं.

रात्री जेवण झाल्यावर तो शेकर धुतो, झटकतो आणि त्यात एक स्कूप पावडर घालून ठेवतो. सकाळी घाई नको म्हणून. पहाटे तो शेकर पिशवीतून तालमीत जातो. मेहनत संपली की जवळच्या टपरीवरून फ्रिजमधलं दूध घेतो, पाव लिटरच्या आसपास, ते शेकरमध्ये ओततो, झाकण लावून हलवतो. पिताना तोंडात शेंगदाण्याएवढ्या गुठळ्या येतात. शेकरच्या तळाला चिकट लगदा राहतो, तो बोटाने काढावा लागतो. तालमीतल्या एकाने सांगितलं, "गरम दुधात घाल, विरघळतंय." म्हणून एकदा उकळून उतरवलेल्या दुधात घातली. त्या दिवशी तर अगदीच बिघडलं. रबरासारखे बारीक दाणे झाले आणि कितीही ढवळलं तरी मोडेनात. तेव्हापासून पावडर नकली असल्याची त्याची खात्री पटली होती.

मी त्याला तिथेच एक शेक करायला लावला, अगदी त्याच्या पद्धतीने. झाला, आणि गुठळ्याही झाल्या. चहाच्या गाळणीतून ओतून मी एक मोठी गुठळी बशीत काढली आणि चमच्याच्या कडेने मधोमध कापली. बाहेरून ओली, चकचकीत, चिकट साल. आत कोरडी पावडर, डब्यात असते तशीच मोकळी. चमचा लागताच ती बशीत सांडली.

"दुधात पाच मिनिटं बुडालेली गुठळी आतून कोरडी कशी?" मी विचारलं. तो नुसता बघत राहिला. पावडर खरी की खोटी याचा निकाल गुठळीवरून लागत नाही. खऱ्या पावडरचीही अशीच गुठळी होते. या गुठळीने एवढंच सांगितलं की आतल्या पावडरीपर्यंत दूध पोचलंच नाही.

ही साल कशी बनते

आमच्या भागात हे शेतात बघायला मिळतं. वळवाचा पहिला थेंब वाटेवरच्या फुफाट्यात पडला की जिरत नाही. त्याच्याभोवती धूळ चिकटते, गोळी होते आणि ती घरंगळते. तीच माती आधीच जराशी ओलसर असेल तर थेंब लगेच आत ओढला जातो. कोरड्या भुकटीत कणाकणांमध्ये हवा भरलेली असते. पाणी आत जायचं तर ती हवा बाहेर पडायला हवी. कण बारीक असतील तर मधल्या फटीही बारीक, हवेला वाट मिळत नाही. म्हणून जितकी बारीक पावडर, तितक्या गुठळ्या जास्त. लोकांना याच्या उलट वाटतं.

मातीचं एवढ्यावर भागतं. प्रोटीनच्या पावडरीत आणखी एक गोष्ट घडते. पाण्याला शिवलेला बाहेरचा थर लगेच पाणी पितो आणि फुगून चिकट होतो. शेजारशेजारचे कण एकमेकांना चिकटतात, फटी बुजतात आणि एक अखंड साल तयार होते. त्या सालीतून पाणी आत जातं, पण फार हळू. आतली हवा बाहेर येऊ शकत नाही. झालं, कोरडी पावडर ओल्या पिशवीत बंद झाली. शेकर हलवून आपण त्या पिशव्या इकडून तिकडे फेकतो, फोडत मात्र नाही. कारण दूध पातळ असतं आणि गुठळी त्याच्याबरोबर वाहत जाते. पातळ रशात गाठ रगडता येत नाही, घट्ट कालवणात येते, तसंच हे.

म्हणजे शर्यत दोन गोष्टींची आहे. पाणी फटीतून आत शिरणं ही एक, आणि बाहेरची साल मिटणं ही दुसरी. पहिली जिंकली तर पावडर कण सुटे होऊन पसरते, दुसरी जिंकली तर गुठळी होते. शेकमध्ये आपण जे काही करतो, आधी काय घालतो, दूध किती गार आहे, त्या सगळ्याचा परिणाम या शर्यतीवर होतो.

कारखानेही यासाठी दोन गोष्टी करतात. एक, बारीक कण वाफेच्या ओलाव्याने एकमेकांना हलके चिकटवून सच्छिद्र, दाणेदार पावडर बनवतात, म्हणजे फटी मोठ्या होतात. दुसरं, कणांवर लेसिथिनचा अगदी पातळ लेप देतात. लेसिथिन सोयाबीन किंवा सूर्यफुलापासून काढतात, आणि घटकांच्या यादीत ते ३२२ या क्रमांकाने दिसतं. त्याचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, एक तेलाकडे. त्यामुळे पाण्याला आत शिरायला मदत होते. पुतण्याच्या डब्यावर ३२२ होतं. पावडर व्हे कॉन्सन्ट्रेट होती, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन दाट करून वाळवलेलं, चॉकलेट चवीची, आणि घटकांत घट्टपणासाठी घातलेला एक डिंकही होता. हा डिंक पाणी लागताच फुगतो आणि साल मिटायला हातभार लावतो. दुकानदाराशी भांडण्यासारखं यात काही नव्हतं.

रविवारची चाचणी

पुतण्याला नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून रविवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पावडर महाग, म्हणून प्रत्येक वेळी निम्मा स्कूप, म्हणजे तराजूवर १६ ग्रॅम, आणि १२५ मिली दूध किंवा पाणी. शेकर तोच, दर वेळी धुऊन कापडाने पूर्ण कोरडा केलेला. तीस वेळा हलवायचं, लगेच चहाच्या गाळणीतून ओतायचं आणि गाळणीत राहिलेलं चमच्याने मोजायचं. तापमानाला माझा जुना काचेचा थर्मामीटर होता. गाळून झालेलं सगळं घरातल्यांनी पिऊन टाकलं. वहिनी आल्या होत्या, त्यांनीही एक ग्लास घेतला.

पहिली फेरी पुतण्याच्या पद्धतीची. पावडर आधी, वरून फ्रिजमधलं ७ अंशांचं दूध. गाळणीत दोन चमचे गुठळ्या राहिल्या आणि शेकरच्या तळाच्या कडेला, जिथे तळ आणि भिंत मिळतात, तिथे लगद्याचं कडं. शेकर उलटा केला तरी ते पडलं नाही.

दुसऱ्या फेरीत फक्त क्रम बदलला. तेच ७ अंशांचं दूध आधी, पावडर वरून. गाळणीत जेमतेम अर्धा चमचा. तळ स्वच्छ. पुतण्या म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, अजून थांब.

हा फरक का पडतो ते बघा. पावडर तळाला असते तेव्हा ती कोपऱ्यात दबून बसलेली असते, आणि दूध फक्त वरच्या एका बाजूने येतं. वरचा थर भिजतो, मिटतो, आणि खालच्या सगळ्या पावडरीवर झाकण बसतं. आतल्या हवेला बाहेर यायला जागाच नाही. हलवताना दुधाचा जोर शेकरच्या मध्यभागी असतो, तळाच्या कडेला तो पोचत नाही. उलट दूध आधी असेल तर पावडर वर तरंगते, पसरते. तिचा थर पातळ होतो, खालून भिजत जाते आणि हवा वरून निघून जाते. पहिल्याच हेलकाव्याला ती चहूबाजूंनी दुधात जाते. क्रम बदलण्याचा अर्थ एवढाच, की पावडरीला एका जागी दाबून बसू द्यायचं नाही.

पुतण्याच्या पद्धतीत आणखी एक चूक लपलेली होती आणि ती रविवारच्या चाचणीत दिसली नसती. शेकर तो रात्री धुऊन नुसता झटकत होता. आत राहिलेल्या थेंबांवर रात्रभर पावडर बसून होती. सकाळपर्यंत तळाशी चिकट थर आधीच तयार. नंतर दूध कसंही ओता, तो थर निघणार नाही. म्हणून एका रात्री मी मुद्दाम ओलसर शेकरमध्ये पावडर ठेवली आणि सकाळी त्याला नुसता तळ दाखवला. पावडरखाली तपकिरी, चॉकलेटच्या वडीसारखी चकती जमली होती.

तिसऱ्या फेरीला दूध आधीच, पण तासभर बाहेर ठेवून २५ अंशांवर आणलेलं. गाळणीत चिमूटभर. चौथ्या फेरीला २५ अंशांचं साधं पाणी. गाळणीत नावालाही काही नाही, फक्त वर फेस. दूध पाण्यापेक्षा दाट असतं, त्यात आधीच प्रोटीन आणि स्निग्धांश असतो, म्हणून ते फटीत शिरायला वेळ घेतं. पाण्यात शेक करणाऱ्यांना गुठळ्यांचा त्रास कमी होतो, त्याचं कारण हेच.

गार दुधात अडचण कुठे येते? गार द्रव दाट असतो. सात अंशांचं पाणी पंचवीस अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त दाट असतं, म्हणून बारीक फटीतून ते तितकंच सावकाश सरकतं. दुसरी गोष्ट स्निग्धांशाची. कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडा दुधाचा स्निग्धांश राहतोच, आणि काही कणांवर तो बाहेरच्या बाजूला असतो. डिसेंबरमध्ये आपल्याकडे तूप डब्यात थिजतं, तसा फ्रिजच्या गारव्यात हा स्निग्धांश थिजतो आणि कणावर पाणी न चिकटू देणारा थर होऊन बसतो. दुधाची साय न काढता बनवलेली पावडर थंड पाण्यात विरघळत नाही आणि कोमटात लगेच विरघळते, हे कारखान्यात आम्ही रोज बघायचो. कारण तेच. व्हे आयसोलेट म्हणजे त्याहून जास्त शुद्ध केलेली पावडर, तिच्यात हा स्निग्धांश फारच थोडा असतो, त्यामुळे गारव्याचा हा भाग तिथे कमी लागू पडतो. पण आयसोलेटचीही साल मिटते, गुठळ्या त्याच्याही होतात.

"मग गरम का नाही चालत?" हा प्रश्न वहिनींचा. त्यांना तो नीट समजून घ्यायचा होता, कारण त्या आंबिलीत ही पावडर घालून बघणार होत्या.

पाचवी फेरी ४० अंशांच्या दुधाची. गाळणीत २५ अंशांइतकंच, चिमूटभर. पण फेस दुप्पट. म्हणजे खोलीच्या तापमानापासून पुढे गरम करून फार काही हाती लागलं नाही. सहावी फेरी शेकरमध्ये केली नाही. गरम दूध बंद शेकरमध्ये हलवलं की आतली हवा आणि वाफ फुगते आणि झाकण उडून तोंडावर येतं, हा धोका पुतण्याला माहीत नव्हता. म्हणून पातेल्यात ८५ अंशांचं दूध घेतलं आणि त्यात पावडर घालून रवीने घुसळलं. गाळणीत बारीक, फिकट, रबरी दाणे. एक दाणा दोन बोटांत दाबला तर फुटला नाही, लवचिक राहिला. कापून बघितला तर आत कोरडं काही नव्हतं, मधोमध ओलाच.

ही वेगळी गुठळी आहे. पहिल्या गुठळीत पावडर भिजलेलीच नसते. या दाण्यात ती भिजते, पण नंतर शिजते. व्हे प्रोटीन अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं वागतं. साठ अंशांपर्यंत ते पाण्यात मोकळं राहतं, साठच्या पुढे त्याच्या घड्या उलगडायला लागतात, आणि सत्तरच्या पुढे उलगडलेले धागे एकमेकांना पकडून गोठतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ करता येत नाही, तसे हे दाणेही परत विरघळत नाहीत. कितीही ढवळलं तरी मोडेनात, असं पुतण्याने सांगितलं होतं ते या दाण्यांबद्दलच. आपल्या कुंद्यात दाणा हवाच, शेकमध्ये तो नको, एवढाच फरक. शिजल्याने पावडरीतलं प्रोटीन वाया जात नाही. पोटात तेही पचतं, बिघडते ती फक्त पिण्याची गंमत.

पुतण्याने एकामागून एक दोन उलट चुका केल्या होत्या: आधी अति गार दूध, मग अति गरम. दोन्ही वेळा गुठळ्या झाल्या, म्हणून त्याला वाटलं की दोष पावडरीतच असणार. गुठळी कापून न बघता हा गैरसमज दूर होणं कठीण होतं. गाळणीत राहिलेलं काही असलं की मी आता आधी तेच बघायला सांगतो. तरंगते आणि आतून कोरडी निघाली तर भिजण्यात चूक, म्हणजे क्रम किंवा गारवा. बुडते, आतून ओली आणि रबरी निघाली तर दूध जास्त गरम होतं.

सातवी फेरी

एवढं झाल्यावर पुतण्या म्हणाला, "पण काका, मेहनत झाल्यावर कोमट दूध कुणाला जातंय? गारच पाहिजे."

रास्त होतं. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आम्ही आंबील कशी करतो? नाचणीचं पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतो, मग आधणात सोडतो. पीठ एकदम आधणात टाकलं तर गाठीच होतात." मी खुर्चीत सरळ झालो. कारखान्यात जे आम्ही मोठ्या टाक्यांवर करायचो, ते वहिनी पातेल्यात करत होत्या. कारण जरा वेगळं आहे, नाचणीत पिष्टमय भाग गरम पाण्याने फुगतो आणि साल बनवतो. पण उपाय एकच: आधी थोड्या द्रवात घट्ट कालवण, मग पातळ करणं.

सातव्या फेरीला वाटीत १६ ग्रॅम पावडर घेतली. २५ अंशांचं दूध दोन-तीन चमचे घालून चमच्याने रगडत कालवली. भज्याच्या पिठाएवढी घट्ट झाली. मग त्यात ७ अंशांचं गार दूध थोडं थोडं सोडत पातळ केलं. गाळणीत काहीच नाही. एकूण शेक गारच, कारण बहुतेक दूध फ्रिजमधलं.

हे का जमतं याचं कारण मला सगळ्यात आवडतं. पातळ दुधात गुठळी चमच्यासमोरून निसटते. घट्ट लगद्यात ती निसटू शकत नाही. चमच्याची ढकल लगद्यातून थेट गुठळीवर जाते, साल फाटते आणि आतली कोरडी पावडर उघडी पडते. शिवाय द्रव थोडा असल्याने आधी कोरड्या राहिलेल्या भागालाही लगेच ओल मिळते. एकदा प्रत्येक कण भिजला की नंतर कितीही गार दूध घाला, पुन्हा साल बनायला कोरडा कणच उरत नाही. गारवा भिजण्याला अडथळा करतो, भिजलेल्या पावडरीला नाही.

इथे पुतण्याने एक चांगला प्रश्न काढला. "आता तर तुम्ही पावडर आधी घेतली. मघाशी म्हणालात दूध आधी." खरं आहे, आणि या दोन्हींत विरोध नाही. वाटीत चमचा आहे. चमचा तळापर्यंत, कोपऱ्यापर्यंत जातो, कोरडं जे दिसेल ते रगडतो. म्हणून पिठलं करताना बेसन आधी आणि पाणी नंतर घेतलं तरी चालतं. शेकरमध्ये चमचा नाही. तिथे तळाच्या कोपऱ्यात दडलेल्या पावडरीला हात लावणारं काही नाही, म्हणून तिथे दूध आधीच हवं. हातात काय आहे, चमचा की नुसती बाटली, त्यावरून क्रम ठरतो. क्रमाचा नियम पाठ करणारे नेमके इथे अडतात.

शेकरमधली तारेची गुंडी किंवा जाळी थोडंफार चमच्याचं काम करते. पण तीही दूध घातल्यावर आणि पावडरीच्या आधी टाकावी. पावडरीखाली दबली तर लगद्यात रुतून बसते आणि फिरत नाही.

तालमीसाठी ठरवलेली पद्धत

सातव्या फेरीतली वाटी तालमीत न्यायची कुणाला सोय नव्हती. म्हणून तीच गोष्ट शेकरमध्ये बसवली. पावडर छोट्या कोरड्या डबीत, शेकर वेगळा. तालमीत आधी शेकरमध्ये टाकीचं पाणी ५० मिलीच्या आसपास, म्हणजे चहाच्या छोट्या पेल्याएवढं. त्यात गुंडी. मग पावडर. झाकण लावून दहा-पंधरा सेकंद जोरात. हे मिश्रण वाटीतल्या कालवणाइतकं घट्ट होत नाही, पण दुधाच्या मानाने बरंच दाट असतं आणि त्यात गुंडी गुठळ्यांवर आपटते. मग फ्रिजमधलं दूध २०० मिली, आणि पुन्हा थोडं हलवणं. खानापूरच्या पहाटे टाकीचं पाणी गारच असतं, पण फ्रिजइतकं नाही, आणि ते दूध नसून पाणी असल्याने पहिल्या भिजण्याला ते बरं पडतं.

फेसाचं एक सांगायचं राहिलं. शेक झाल्यावर वर फेसाचा थर येतो, आणि काही न भिजलेली पावडर त्या फेसातच अडकून वर राहते. तो फेस लगेच प्यायला तर घशाला कोरडी पावडर लागते आणि गुठळ्या झाल्या असं वाटतं. दोन-तीन मिनिटं शेकर ठेवून द्यायचा, फेस खाली बसतो. एकदा कोमट दुधाच्या फेरीत आम्ही अर्धा तास शेक तसाच ठेवला, तेव्हा उरलेल्या बारीक गुठळ्याही मऊ पडून गेल्या होत्या. साल पूर्ण बंद नसते, पाणी हळूहळू आत जातच असतं. पण मेहनत संपवून आलेल्या पोराला अर्धा तास थांब म्हणणं बरोबर नाही. आणि कोमट दुधाचा शेक बंद शेकरमध्ये तासन् तास ठेवायचा नाही, तो नासतो आणि शेकरला वास बसतो.

या पद्धतीला मर्यादा आहे. एका वेळी दोन स्कूप घातले तर २५० मिली दुधात गुठळ्या पुन्हा येतात, कारण पावडरीचा थर जाड होतो. दोन स्कूप हवेतच असतील तर एक एक करून घालायचे, मधे हलवून. आणि ही सगळी आकडेवारी व्हेसाठी. केसिन हे दुधातलंच दुसरं प्रोटीन, त्याची पावडर तापल्याने व्हेसारखी गोठत नाही, पण ती गारच काय, कोमट पाण्यातही सावकाश भिजते आणि घट्ट होते. सोयाबीन आणि वाटाण्याच्या पावडरी किरकिरीत लागतात. ते दाणे भिजतात, पण विरघळतच नाहीत, आणि क्रम बदलून ते जात नाहीत.

वहिनींची आंबीलही झाली. आंबील शिजवून गॅस बंद केला, हाताला सोसेल इतकी निवू दिली, आणि पावडर वेगळ्या वाटीत गार ताकाऐवजी थोड्या पाण्यात कालवून शेवटी घातली. दाणे झाले नाहीत. तीच पावडर रटरटत्या आंबिलीत गेली असती तर पुतण्याच्या गरम दुधासारखंच झालं असतं.

जुलैमध्ये पुन्हा फोन आला

तालमीतल्या पोरांनी पद्धत उचलली, आणि काही महिने काही ऐकू आलं नाही. मग पावसाळ्यात, कणकुंबीकडून ढग उतरून आठवडाभर ऊन नव्हतं त्या काळात, पुतण्याचा फोन आला. "काका, क्रम बरोबर हाय, पाणी बरोबर हाय, तरी गुठळ्या येतायत."

मी विचारलं, गुठळी कापलीस काय. म्हणाला, कापली. आतून कोरडी नव्हती, रबरीही नव्हती. कडक होती, चमच्याने दाबल्यावर खडूसारखी तुटली.

मग मी त्याला एक चाचणी सांगितली, जी आम्ही कारखान्यात सर्वात आधी करायचो. दूध, पाणी काही नको. एक स्कूप पावडर कोरडी चाळणीवर घे आणि हलके हलव. चाळणीवर खडे राहिले तर गुठळी शेकरमध्ये झालेली नाही, डब्यात झालेली आहे. दहा मिनिटांनी परत फोन आला. चाळणीवर हरभऱ्याएवढे सात-आठ खडे राहिले होते.

कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधाची साखर असते, लॅक्टोज. पावडर करताना ती काचेसारख्या अवस्थेत कोरडी झालेली असते आणि हवेतला ओलावा पटकन ओढते. ओलावा मिळाला की ती चिकट होते, कण एकमेकांना जोडतात आणि हळूहळू खडा घट्ट होतो. डबा तालमीत उघडा राहत होता, आणि घामाच्या हाताने स्कूप काढून तो तसाच परत आत टाकला जात होता. पुतण्याला हे सगळं सांगावं लागलं नाही. खडे बघून त्यानेच विचारलं, "स्कूप ओला जातोय म्हणून काय?"

खडे बोटाने सहज मोडत असतील, रंग बदलला नसेल आणि वास नेहमीचाच असेल तर चाळून वापरता येतात, असं मी म्हटलं. दगडासारखे कडक, तपकिरी झालेले किंवा आंबट-कुबट वासाचे असतील तर नाही. त्याचे सहा खडे मोडले, दोन मोडले नाहीत. ते दोन टाकून दिले, बाकी चाळून कोरड्या स्टीलच्या डब्यात भरले. डबा आता घरी राहतो. तालमीत जाते फक्त त्या दिवसाची छोटी डबी.

त्या आठवड्यात शेक कसा झाला विचारल्यावर तो म्हणाला, वर थोडा फेस होता, बाकी गाळणी स्वच्छ. तो अजून गाळणी वापरतो. तालमीतली बाकी पोरं हसतात, म्हणाला, पण गुठळी कापून बघायला आता सगळेच त्याच्याकडे घेऊन येतात.